हसा म्हणू नका

लग्नात स्टेजवर आहेर देऊन झाला की फोटोग्राफर हात वर करतो, ‘इकडे बघा, हसा जरा’ म्हणतो, आणि पाच मिनिटांपूर्वी खाली खुर्च्यांत बसून खळखळून हसणारा माणूस एकदम ओळखपत्रावरच्या फोटोसारखा होतो. खांदे वर चढतात, हातांचं काय करावं ते सुचत नाही, ओठ ताणले जातात आणि डोळे त्या हसण्यात सामीलच होत नाहीत. चार वर्षांच्या पोराला यातलं काही होत नाही. आपण कसे दिसतोय हा प्रश्न त्याला अजून पडलेला नसतो. मोठेपणी मात्र कॅमेरा समोर आला की आपण एकाच वेळी बसणारेही असतो आणि स्वतःला बाहेरून बघणारेही, आणि ही दोन कामं एका चेहऱ्याला एकदम झेपत नाहीत.

मी माणसांचे फोटो काढतो. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे. कुणाला निवृत्तीच्या गौरव अंकासाठी फोटो हवा असतो, कुणाला संस्थेच्या अहवालासाठी, कुणाला पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी. खुर्चीवर बसायच्या आधीच ते सांगून टाकतात, ‘माझा फोटो चांगला येत नाही हं.’ या वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात. एक, कॅमेऱ्यासमोर मी आखडतो. दुसरी, फोटोत दिसतो तो मी मला मी वाटत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्या आधी सोडवून घ्याव्या लागतात. दुसरी तक्रार तुलनेनं सोपी आहे, कारण तिच्यात आपल्या चेहऱ्याचा दोष जवळजवळ नसतोच.

आपण आपला चेहरा जन्मभर पाहतो तो आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं झालेला. भांगाची बाजू, गालावरचा तीळ, किंचित वर असलेली एक भुवई, सगळं आपल्या ओळखीचं असतं ते त्या उलट्या रूपात. फोटो मात्र आपल्याला तसं दाखवतो जसं जग पाहतं. 1977 साली अमेरिकेत, मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, तीन मानसशास्त्रज्ञांनी याची एक साधी तपासणी केली. तरुणींचे फोटो काढून प्रत्येकीच्या फोटोची एक प्रत सरळ छापली आणि एक उलटी. कोणती जास्त आवडली असं त्यांना आणि त्यांच्या जवळच्या माणसांना विचारलं. स्वतः त्या मुलींचा कल आरशातल्यासारख्या उलट्या प्रतीकडे होता, जवळच्या माणसांचा सरळ प्रतीकडे. प्रत्येकाला आवडलं ते आपल्या सवयीचं रूप. फोटो पाहून ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटतं त्यातला बराच भाग एवढ्यानं उलगडतो. जे चुकल्यासारखं वाटतं ते बाकीच्यांना दिसतच नाही.

त्यात मोबाइलनं भर घातली आहे ती अंतराची. सेल्फी हात लांब करून घेतो किंवा घरातलं कुणी अगदी तोंडाजवळ मोबाइल आणून फोटो काढतं. हिशेब करून बघा. कॅमेरा नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल आणि कान नाकाच्या टोकापासून साधारण 12 सेंटिमीटर मागे असतील, तर कान नाकापेक्षा चाळीस टक्के जास्त लांब पडतात. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. त्यामुळे नाक फुगतं, कान मागे पळतात, कपाळ आणि हनुवटी निमुळती होते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हा फरक आठ टक्क्यांवर येतो आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसायला लागतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी गणिताच्या मॉडेलवरून दाखवलं की एक फुटावरून घेतलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. सेल्फी दाखवून ‘नाक लहान करून द्या’ म्हणणारे लोक यायला लागले होते, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. ही गोष्ट लेन्सची आहे असं बरेच जण समजतात, पण खरा खेळ अंतराचा. म्हणून फोटो काढणाऱ्यानं पाच-सहा फूट मागे जावं आणि मोबाइलमध्ये 2x दाबावं. इतकी साधी गोष्ट, पण घरगुती फोटोंत यानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या मोबाइलनं पडत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. चेहरा हलत असतो तेव्हा आपण त्याचा सरासरी अंदाज मनात धरतो. फोटो त्यातला शंभरावा हिस्सा सेकंद उचलतो, मग तो शब्दाच्या मधला असो नाहीतर पापणी अर्धी मिटलेली असताना असो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना बोलणाऱ्या माणसांच्या चित्रफिती आणि त्याच चित्रफितींतली सुटी चित्रं दाखवली. तेच चेहरे हलताना जास्त छान वाटले, सुट्या चित्रांत कमी. तेव्हा एकच फोटो काढून तो वाईट आला म्हणून खट्टू होण्यात अर्थ नाही. एका फोटोला चांगला येण्याची संधी मुळातच कमी असते.

आता आखडण्याकडे येऊ. त्याचं मूळ समजायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं, पॅरिसमधल्या ड्यूशेन नावाच्या डॉक्टरांकडे. विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचा कोणता स्नायू काय करतो ते त्यांनी तपासलं आणि 1862 साली फोटोंसह पुस्तक छापलं. हसताना दोन स्नायू महत्त्वाचे असतात. एक गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि कोपरा वर ओढतो. दुसरा डोळ्याभोवती गोल फिरलेला असतो, तो आवळला की गाल वर येतो आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. पहिला हुकमानं चालतो. दुसऱ्याला बहुतेकांच्या बाबतीत खरोखर हसू यावं लागतं. काही जणांना तो मुद्दामही हलवता येतो, त्यामुळे डोळे बघून माणूस खोटं हसतोय की खरं हे ठामपणे सांगता येत नाही. पण एरवी ‘हसा’ म्हटल्यावर जे घडतं ते हेच, ओठ हुकूम पाळतात आणि डोळे थांबून राहतात. ‘चीज’ म्हणायला लावण्याचा उपयोगही तेवढाच. ‘ई’ म्हणताना ओठ आडवे ताणले जातात, बस्स.

ड्यूशेन यांचा एका म्हाताऱ्या माणसाचा खरा हसरा फोटो आणि त्याच्याच गालाला वीज लावून हसवलेला फोटो चार्ल्स डार्विन यांनी लोकांना दाखवला होता. खरं हसू लोकांनी लगेच ओळखलं. विजेचा फोटो चोवीस जणांना दाखवला, त्यात तिघांना काहीच सांगता आलं नाही. बाकीच्यांना हसण्याचा प्रकार आहे एवढं कळलं, पण त्यांनी तो हसण्याचा प्रयत्न किंवा खवचट हसू असा सांगितला. 1872 साली डार्विन यांनी हे नोंदवलं. आपल्या अल्बममधल्या निम्म्या ग्रुप फोटोंचं वर्णन त्या चोवीस जणांनी आधीच करून ठेवलं आहे.

डोळे सामील झाले तरी हसू धरून ठेवता येत नाही. फोटोग्राफर फ्लॅश तपासतो, कुणीतरी येऊन पदर सारखा करतं, तेवढ्यात ते विरतं आणि मागे राहतो तो नुसता ताण. फोटोसाठी स्थिर राहायचं ही आपली समजूत जुन्या स्टुडिओंतून आलेली आहे. 1840 च्या दशकात एका चित्राला कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही लागायचं. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभं राहण्याची ढब शोभेइतकीच तोल सांभाळायलाही असे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये, त्या काळातही बसणाऱ्यानं पुतळा होऊन राहणं ही तांत्रिक गरज होती. आज खिडकीच्या उजेडात मोबाइल क्षणाच्या शंभराव्या भागात फोटो घेतो. गरज संपली, पुतळा मात्र अजून उभा आहे. म्हणून माझं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं. माणसाला स्थिर करायचं नाही, त्याला काहीतरी करायला लावायचं आणि ते करून झालं त्या क्षणी बटण दाबायचं.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका निवृत्त शिक्षिकेच्या फोटोवरून सांगतो. तालुक्याच्या गावच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. माजी विद्यार्थी गौरव अंक काढत होते आणि पहिल्या पानासाठी फोटो हवा होता. मी घरी पोचलो तेव्हा बाई नवी इरकल नेसून, बैठकीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसलेल्या होत्या. हात मांडीवर, मुठी वळलेल्या. मुलगा, सून आणि शेजारच्या काकू समोर उभ्या राहून ‘आई, हस ना गं जरा’ करत होत्या. बाई म्हणाल्या, ‘अहो, हे लोक समोर असले की मला माझीच परीक्षा चाललीय असं वाटतं.’

पहिलं काम म्हणून प्रेक्षकांना चहा करायला आत पाठवलं. हे विनोदानं सांगत नाही. कॅमेऱ्यामागे तीन जण उभे असले तर बसणाऱ्याची नजर तिघांत फिरते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘जमतंय का’ हा प्रश्न तिला दिसतो. घरच्यांनी केलेली मस्करी तर फारच महाग पडते. तिनं हसू येतं, पण ते लाजेचं, आणि मान खाली जाते.

मग ट्यूबलाइट बंद केली आणि बाईंना खिडकीजवळ नेलं. उन्हाची तिरीप आत येत नव्हती, तेच चांगलं. थेट ऊन तोंडावर आलं की डोळे बारीक होतात आणि नाकाची सावली ओठांवर पडते. खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी समोर नाही तर एका अंगाला. डोक्यावरच्या दिव्याखाली डोळ्यांत खड्डे पडतात, माणूस दमलेला दिसतो आणि फोटो पाहून तोच स्वतःला दोष देतो. चष्म्याच्या काचेत खिडकी चमकत होती. चष्मा काढायला सांगायचा नसतो, कारण ज्या माणसाला विद्यार्थ्यांनी तीस वर्षं चष्म्यात पाहिलं तो चष्म्याशिवाय परका दिसतो. चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या वर उचलल्या की काच खाली कलते आणि चमक निघून जाते.

बसण्यात दोनच बदल केले. खुर्चीच्या पाठीला टेकू नका, पुढच्या निम्म्या भागावर बसा, असं सांगितलं. टेकलं की पाठ गोल होते, मान आत जाते आणि गळ्याखाली घडी पडते. दुसरं म्हणजे गुडघे खिडकीकडे आणि मान माझ्याकडे. समोरासमोर बसलेलं शरीर पासपोर्टच्या फोटोसारखं दिसतं, किंचित तिरकं बसलेलं बोलायला बसल्यासारखं. हनुवटीबद्दल लोक हमखास उलटं करतात. घडी लपवायला मान मागे घेतात आणि घडी वाढवतात. कपाळ थोडं पुढे आणा आणि हनुवटी जराशी खाली, एवढं केलं की जबड्याची रेघ स्पष्ट होते. करताना ते फार विचित्र वाटतं. बाई म्हणाल्या, ‘कासव झालेय मी.’ समोरून मात्र ते पुढे झुकून ऐकल्यासारखं दिसतं.

हातांसाठी खडू मागितला. मुठी वळणाऱ्या माणसाला ‘हात सैल सोडा’ सांगून काही होत नाही, कारण ते सैल कसे सोडायचे हेच तो विसरलेला असतो. त्याच्या रोजच्या कामाची वस्तू दिली की हात आपोआप कामावर रुजू होतात. घरात खडू नव्हता, पेन होतं. बाईंनी ते धरलं आणि खांदे आपोआप खाली आले. फोटोत पेन आलंच पाहिजे असं नाही, चौकट छातीपर्यंतच होती. दाताचं एक सांगितलं, ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकवू नका. घाबरलेला माणूस दात आवळतो आणि तो ताण कानाखाली लांबून दिसतो.

मी सहा फुटांवर उभा राहिलो, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. घरी मोबाइलवर काढताना उभ्या माणसानं बसलेल्याचा फोटो वरून काढणं किंवा मांडीवर मोबाइल ठेवून खालून काढणं हे दोन्ही टाळावं. मोबाइलवर आणखी एक फसगत होते. स्वतःला पडद्यावर पाहत फोटो काढला तर नजर लेन्सवर नसते, थोडी खाली असते, आणि डोळे हरवल्यासारखे दिसतात. पुढचा कॅमेरा वापरायचाच असेल तर कागदाचा कपटा लेन्सच्या बाजूला चिकटवून त्याच्याकडे बघावं.

सुरुवातीचे फोटो मी काढतो ते टाकून द्यायला. बाईंना तसं सांगितलंही, ‘आत्ता मी फक्त उजेड बघतोय.’ हे अर्धसत्य आहे, पण त्यानं काम होतं. त्या काळात मी विचारलं, वर्गात सगळ्यात जास्त पोरं कुठं अडायची? ‘अपूर्णांकांच्या भागाकारात,’ बाई म्हणाल्या आणि समजावून सांगायला लागल्या. इथंच एक चूक सगळेच करतात, बोलता बोलता फोटो काढतात. बोलताना तोंड वाकडंतिकडं असतं आणि एकही चित्र कामाचं निघत नाही. फोटो काढायचा तो वाक्य संपल्यावर. माणूस बोलणं थांबवतो, समोरच्याला कळलं का ते बघतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या चेहऱ्यावर तो स्वतः असतो. शिक्षकांच्या बाबतीत तर हा क्षण फारच ठळक असतो, कारण ‘कळलं का?’ हे त्यांच्या डोळ्यांत कायमचं वस्तीला आलेलं असतं.

जे लोक बोलत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. डोळे मिटा, श्वास पूर्ण सोडा, मी ‘हं’ म्हटलं की डोळे उघडून माझ्याकडे बघा. उघडलेल्या डोळ्यांत सेकंद-दोन सेकंद ताजेपणा असतो, तेवढ्यात तीन-चार फोटो सलग घ्यायचे. श्वास घेऊन रोखला की खांदे चढतात, सोडला की उतरतात. म्हणूनच ‘एक, दोन, तीन’ मोजणं वाईट. दोन म्हटल्यावर माणूस श्वास धरतो आणि तीनला फुगलेला असतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत. काही माणसांना दात दाखवून हसायचं नसतं, दात वेडेवाकडे असतात किंवा ती सवयच नसते. त्यांना हसवायच्या मागं लागू नये. शांत, सरळ बघणारा चेहराही सहज असू शकतो. कुणाला फोटोच नको असेल तर युक्त्या वापरून तो काढणं मला पटत नाही. शोकाच्या किंवा दुखण्याच्या दिवसांत तर चेहरा जे सांगत असतो ते खोडायचं आपल्याला कारण नाही.

ग्रुप फोटोचं गणित वेगळं आहे, कारण तिथं प्रत्येकाशी बोलायला वेळ नसतो आणि अडचण मुख्यतः पापण्यांची असते. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी त्याचा गमतीशीर हिशेब मांडला आणि 2006 साली त्याला इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, निदान तेवढे फोटो काढा, उजेड कमी असेल तर दोननं भागा. बारा जण चांगल्या उजेडात असतील तर चार फोटो, म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची शक्यता चांगली. लग्नाच्या स्टेजवर एक फोटो काढून ‘झालं, पुढचे’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरला हे कुणीतरी सांगायला हवं. माणसांना अर्धं पाऊल एकमेकांकडे सरकायला सांगणं एवढा दुसरा उपाय. सरकताना ते एकमेकांकडे बघतात, कुणीतरी काहीतरी बोलतं, आणि परत कॅमेऱ्याकडे वळतात तेव्हा चेहरे अजून त्या बोलण्यातच असतात.

उरली निवड. बाईंच्या फोटोंतले पाच बाजूला काढून मी लॅपटॉपवर दाखवले. त्यांनी ज्याच्यावर बोट ठेवलं त्यात मान उजवीकडे होती, आरशात त्या स्वतःला रोज तशाच बघत असणार. मुलानं आणि सुनेनं वेगळाच निवडला, वाक्य संपल्यानंतरचा, भुवया किंचित वर, पेनाचं टोक चौकटीत चुकून आलेलं. बाईंना त्यात कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या, मुलाला आई दिसत होती. अशा वेळी मी फोटो दोन दिवस तसाच ठेवायला सांगतो आणि ज्यांनी त्या माणसाला वर्षानुवर्षं समोरून पाहिलं आहे अशा दोघांना दाखवायला सांगतो, कारण अंक वाचणार आहेत ते त्यांच्याच बाजूचे लोक. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. पेनवाला छापा म्हणाल्या, फक्त पेन कापून टाका.